पीपीएफवर ७.१ टक्के म्हणतात, मग माझ्या पासबुकात साडेपाचच का निघतात?

प्रश्न: वर्षभरात जमतील तसे, वेगवेगळ्या तारखांना पैसे भरले, शेवटचे पन्नास हजार तर मार्चअखेरीस. वर्षाचं व्याज भागिले खात्यातली रक्कम केलं तर ५.५ टक्केसुद्धा येत नाही. खरा वार्षिक परतावा कसा काढायचा?

तुमचा भागाकार बरोबर आहे, पण मार्चच्या शेवटी भरलेल्या पन्नास हजारांनाही तुम्ही वर्षभर खात्यात बसलेले धरताय. माझ्याच खात्याचे २०२४-२५ चे आकडे थोडे गोल करून दाखवतो.

३१ मार्च २०२४ ला शिल्लक २,००,००० होती. मग ५ जूनला २०,००० भरले, ९ सप्टेंबरला ३०,००० आणि २८ मार्चला ५०,०००. वर्षाचं व्याज १६,४४८ जमा झालं. त्याला तीन लाखांनी भागलं की ५.४८ टक्के, म्हणजे तुमच्यासारखंच.

आधी व्याज बरोबर लागलंय का ते बघू. पीपीएफमध्ये महिन्याच्या ५ तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात आणि ते वर्षाच्या शेवटी एकदम जमा करतात. दोन लाखांचे बारा महिने म्हणजे १४,२०० रुपये. ५ जूनचे वीस हजार वेळेत पोचले, त्यांना जूनसकट दहा महिने मिळाले: १,१८३. सप्टेंबरच्या तीस हजारांना मात्र सहाच महिने, १,०६५. गणपती आटोपून निवांत भरायला गेलो आणि तो अख्खा महिना बुडाला. शेवटच्या पन्नास हजारांना त्या वर्षी काहीच नाही. बेरीज १६,४४८. हिशेब जुळला.

आता परतावा. तो XIRR हे सूत्र काढून देतं, प्रत्येक रक्कम किती दिवस खात्यात होती ते मोजून. एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबरऑफिसमध्ये पहिल्या ओळीत मथळे ठेवा आणि दुसऱ्या ओळीपासून असं भरा:

```
2024-03-31   -200000
2024-06-05    -20000
2024-09-09    -30000
2025-03-28    -50000
2025-03-31    316448

=XIRR(B2:B6, A2:A6)
```

तारखा A मध्ये, रकमा B मध्ये. खात्यात गेलेलं उणे आणि शेवटची शिल्लक अधिक, जणू त्या दिवशी सगळे पैसे परत मिळाले. सुरुवातीची शिल्लकही उणेच, कारण ते पैसे त्या दिवशी तुम्ही नव्याने गुंतवलेत असं मानायचं. उत्तर येतं ७.०६ टक्के. ७.१ मधला जो थोडा भाग गळाला, तो मुख्यतः सप्टेंबरातल्या त्या चार दिवसांच्या उशिराचा.

तेच तीस हजार ५ सप्टेंबरला भरले असते तर व्याज १७७ रुपये ५० पैशांनी वाढलं असतं आणि XIRR ७.१२ टक्के आला असता. जाहीर दरापेक्षा जास्त आला म्हणून चक्रावू नका. ५ तारखेला भरलेल्या पैशांना पूर्ण महिन्याचं व्याज मिळतं, XIRR मात्र दिवस मोजतो. त्यामुळे एक-दोन शतांश इकडेतिकडे होणारच. अर्धा-पाऊण टक्का फरक दिसला तर मात्र काहीतरी चुकलंय.

सर्वांत जास्त वेळा चुकते ती व्याजाची ओळ. पासबुकात ती जमेच्या रकान्यातच दिसते, म्हणून लोक तीही उणे करून भरतात. पण ते पैसे तुमच्या खिशातून गेलेले नाहीत आणि शेवटच्या शिल्लकेत ते आलेलेच आहेत. वरच्या उदाहरणात तसं केलंत तर तीन लाख सोळा हजार गेले, तेवढेच परत आले, परतावा शून्य. उत्तर शून्याला चिकटून आलं की आधी हीच ओळ शोधा.

दुसरी भानगड तारखांची. संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल आणि तुम्ही 05-06-2024 टाइप केलं तर तो मुकाट्याने ६ मे धरतो, तक्रारही करत नाही. 28-03-2025 मात्र त्याला तारीख वाटतच नाही, कारण अठ्ठाविसावा महिना नसतो, आणि मग #VALUE! दिसतं. ते दिसलं तर एका अर्थी बरंच, चूक कळते तरी. वर लिहिलंय तसं वर्ष आधी टाकलंत की ही कटकट उरत नाही.

खातं उघडल्यापासूनचा परतावा हवा असेल तर सुरुवातीच्या शिल्लकेची ओळ काढून टाका, प्रत्येक भरणा उणे लिहा आणि मध्ये रक्कम काढली असेल तर ती त्या तारखेला अधिक. शेवटची शिल्लक मात्र ३१ मार्चचीच घ्या, व्याज जमा झाल्यानंतरची. डिसेंबरातली घेतलीत तर एप्रिलपासूनचं व्याज तिच्यात नसतं आणि परतावा उगाच कमी दिसतो. जुनं खातं असेल तर उत्तर ७.१ च्या वर येईल, कारण हा दर एप्रिल २०२० पासूनचा आहे, त्याच्या आधीच्या तिमाहीत ७.९ होता.