स्क्वॉशची सर्व्हिस रॅकेटबॉलमध्ये का चालत नाही

प्रश्न: पुण्यात चार वर्षं स्क्वॉश खेळलोय. आता एमएससाठी अमेरिकेत आलो, तर इथल्या जिममध्ये फक्त रॅकेटबॉलचं कोर्ट आहे. माझी निम्मी सर्व्हिस फॉल्ट देतात. जमिनीवरच्या त्या रेषा नेमक्या कशासाठी? स्क्वॉशपेक्षा वेगळं काय?

उत्तर:

आधी चेंडू समजून घ्या, म्हणजे रेषा आपोआप समजतील. स्क्वॉशचा दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू 100 इंचांवरून सोडला, तर चांगला तापलेला असतानाही 25 ते 30 इंचच उसळतो. रॅकेटबॉलचा चेंडू तेवढ्याच उंचीवरून 68 ते 72 इंच वर येतो, तोही न तापवता. तो 57 मिलिमीटरचा असतो, स्क्वॉशचा 40 चा. त्यामुळे स्क्वॉशमध्ये मागच्या कोपऱ्यात चेंडू मरतो आणि इथे तोच मागच्या भिंतीवरून परत तुमच्यापुढे येतो.

कोर्टही त्याला साजेसं मोठं आहे: 40 फूट लांब, 20 फूट रुंद, 20 फूट उंच. स्क्वॉशचं 32 बाय 21. त्याहून मोठा फरक असा की इथे समोरच्या भिंतीला टिनच नाही. स्क्वॉशमध्ये जमिनीपासून 48 सेंटिमीटरच्या खाली मारलं की पॉइंट गेला. इथे अगदी जमिनीलगत मारलेला चेंडू घरंगळत परत येतो आणि तो सर्वांत चांगला फटका समजला जातो. रॅलीत छतही खेळात असतं. अडचणीत सापडलात तर चेंडू छताला मारून खोल पाठवायचा, ही इथली नेहमीची बचावाची चाल. तुमचा हात चार वर्षं टिनच्या वर मारायला शिकलाय, ती सवय मोडायला वेळ लागेल.

आता सर्व्हिस. स्क्वॉशमध्ये सर्व्हिसने रॅली सुरू होते, इथे ती तिथेच संपूही शकते. असा उसळता चेंडू खाली आणि जोरात मारायची मुभा असल्यामुळे सर्व्हर फार वरचढ ठरतो. म्हणून त्याला रेषांनी बांधलंय. कोर्टाच्या बरोबर मध्यावर शॉर्ट लाइन आहे आणि तिच्यापुढे 5 फुटांवर सर्व्हिस लाइन. या दोहोंमधला पट्टा म्हणजे सर्व्हिस झोन. चेंडू याच पट्ट्यात एकदा टप्पा देऊन मारायचा, हवेत उडवून थेट मारायचा नाही. तो आधी समोरच्या भिंतीला लागला पाहिजे आणि टप्पा शॉर्ट लाइनच्या पलीकडे पडला पाहिजे. वाटेत एक बाजूची भिंत चालते. दोन्ही भिंती, छत किंवा टप्प्याआधीच मागची भिंत लागली तर फॉल्ट. टप्पा शॉर्ट लाइनवर पडला तरी फॉल्टच.

तुम्हाला जे फॉल्ट मिळतायत त्यातले बरेचसे, माझ्या मते, पायांचे असतील. स्क्वॉशमध्ये सर्व्हिस मारली की लगेच कोर्टाच्या मध्यावरच्या टीकडे धाव घ्यायची असते. इथे चेंडू शॉर्ट लाइन ओलांडेपर्यंत झोन सोडता येत नाही. समोरच्यालाही बंधन आहे: शॉर्ट लाइनच्या मागे 5 फुटांवर तुटक रेषा दिसेल, ती रिसीव्हिंग लाइन. चेंडू त्या मधल्या जागेत टप्पा घेत नाही किंवा ती रेषा ओलांडत नाही तोवर रिसीव्हरने तिथे शिरायचं नाही. दोघांमध्ये अंतर राहावं आणि रॅकेट कुणाच्या तोंडावर बसू नये, एवढ्यासाठीच ती जागा आहे. त्याच कारणाने रॅकेटची दोरी मनगटात घालणं सक्तीचं आहे. डोळ्यांवर संरक्षक चष्माही घालाच.

बाजूच्या भिंतीपासून 3 फुटांवर झोनमध्ये आणखी एक रेष असते, ड्राइव्ह सर्व्ह लाइन. ज्या बाजूला उभे आहात त्याच बाजूने जोरात सरळ सर्व्हिस मारायची असेल, तर मारण्याची हालचाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या 3 फुटांच्या बाहेर व्हायला हवी. नाहीतर तुमचं अंग चेंडू आणि रिसीव्हर यांच्यामध्ये येतं आणि त्याला चेंडू दिसतच नाही. भिंतीलगतची दीड फुटाची चौकट मात्र डबल्समधल्या जोडीदाराला उभं राहण्यासाठी आहे, सिंगल्समध्ये तिचा विचार करू नका.

एक सर्व्हिस हिशोबाने सांगतो. तुम्ही उजव्या हाताचे आहात असं धरतो. रिसीव्हरच्या बॅकहँडला, म्हणजे डाव्या मागच्या कोपऱ्यात चेंडू पाठवायचाय. कोर्टाच्या मध्यरेषेवर, समोरच्या भिंतीपासून 16 फुटांवर तुम्ही चेंडू मारता. जाताना 16 आणि येताना 40, म्हणजे एकूण 56 फुटांत चेंडूला 10 फूट डावीकडे सरकायचंय. पहिल्या 16 फुटांत तो साधारण 3 फूट सरकेल. म्हणजे समोरच्या भिंतीवर मध्यापासून 3 फूट डावीकडे नेम धरायचा. मी सुरुवातीला तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावून एकट्याने सराव करायचो. चेंडूचे निळसर डाग भिंतीवर कुठे जमतायत ते पाहिलं की आपला हात कुठे जातोय ते कळतं. माझे डाग टेपच्या उजवीकडे जमायचे.

तसं झालं की काय होतं पाहा. नेम मध्यापासून फूट-दीड फूटच डावीकडे पडला, तर परत येताना चेंडू मध्यापासून दोन-तीन फुटांवरून जातो, आणि उजव्या भिंतीकडे तोंड करून मारताना तुमचं शरीर नेमकं तिथेच असतं. चेंडू अंगाच्या अगदी जवळून गेला की रिसीव्हर हात वर करून ‘स्क्रीन’ म्हणतो, म्हणजे मला चेंडू दिसलाच नाही. 3 फुटांवर मारलात तर चेंडू जवळपास 6 फुटांवरून निघून जातो, तक्रारीला जागा उरत नाही.

उंचीचा अंदाज चेंडूच सांगतो. पहिला टप्पा शॉर्ट लाइनच्या थोडा मागे आणि दुसरा मागच्या भिंतीच्या आधी पडायला हवा. सर्व्हिस मागच्या भिंतीवरून उसळून रिसीव्हरच्या पुढ्यात येत असेल तर नेम वर जातोय. शॉर्टचे फॉल्ट होत असतील तर थोडा वर घ्या. स्क्वॉशमध्ये सर्व्हिस 1.78 मीटरच्या रेषेच्या वरच मारायची असल्याने तुमचा नेम जास्त वर जाण्याचीच शक्यता जास्त. गुडघा ते मांडी एवढ्या उंचीपासून सुरुवात करा.

हे धाडस परवडतं ते गुणांच्या पद्धतीमुळे. अमेरिकेतल्या जिममध्ये चालणाऱ्या जुन्या पद्धतीत गुण फक्त सर्व्हरला मिळतो. 15 गुणांचे दोन गेम, बरोबरी झाली तर तिसरा 11 चा, आणि दोन गुणांची आघाडी लागत नाही. सर्व्हिसला दोन संधी असतात. दोन्ही फॉल्ट गेल्या तरी फक्त सर्व्हिस जाते, समोरच्याच्या खात्यात गुण पडत नाही. म्हणून पहिली जोरात मारायची आणि ती चुकली तर दुसरी उंच, हळू लॉब. स्क्वॉशमध्ये संधी एकच, आणि ती चुकली की समोरच्याला थेट गुण, 11 पर्यंत, दोनच्या फरकाने. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आता रॅकेटबॉललाही प्रत्येक रॅलीला गुण आणि 11 चे गेम आहेत. त्यामुळे खेळायला उतरण्याआधी कुठल्या पद्धतीने गुण मोजणार ते विचारून घ्या.

आणि सुट्टीत पुण्याला गेलात की कुणी ‘स्क्वॉश 57’ म्हटलं तर गोंधळू नका. तो ब्रिटिश खेळ आहे. चेंडू 57 मिलिमीटरचा असला तरी खेळतात स्क्वॉशच्याच कोर्टात, टिनसकट. मात्र तिथेही सर्व्हिस चेंडूला टप्पा देऊनच मारायची असते.