दीड टक्का कॉल प्रीमियम भरून जुने एनसीडी फेडावेत का?

प्रश्न: आमचे 100 कोटींचे एनसीडी, म्हणजे शेअरमध्ये न बदलणारे कर्जरोखे, 10.50 टक्क्यांचे आहेत, अजून चार वर्षं बाकी. मुदतीआधी फेडले तर द्यायची जादा रक्कम, म्हणजे कॉल प्रीमियम, दीड टक्का. आता चार वर्षांसाठी 9.40 चा कोट आहे, पण रोख्यांना गुंतवणूकदार मिळवून देणारा अरेंजर 9.60 वर सात वर्षांचा इश्यू करा म्हणतो, सात वर्षांत 6.30 कोटी वाचतील असं त्याच्या स्लाइडवर आहे. मी ट्रेझरीत नवीन आहे. करावं का?

उत्तर: करावं असंच दिसतंय, पण त्या स्लाइडमुळे नाही. जुनं कर्ज चार वर्षांनी आपोआप संपणार आहे. पाचव्या वर्षी तुम्ही 10.50 भरणारच नव्हता, मग त्या वर्षी 'वाचणार' काय? सात वर्षांसाठी पैसे हवेत की नाही हा निर्णय वेगळा ठेवा. तुलना चार वर्षांची चार वर्षांशीच करायची.

फरक 1.10 टक्का, म्हणजे वर्षाला 1.10 कोटी. आता खर्च बघा. प्रीमियम दीड कोटी. अरेंजर, रेटिंग, ट्रस्टी, वकील, लिस्टिंग मिळून 75 लाख धरते. मुद्रांक शुल्काची धास्ती नको, डिबेंचरवर ते 0.005 टक्का आहे, 100 कोटींवर 50 हजार रुपये. तिसरा खर्च बहुतेक शीटमध्ये सापडतच नाही: नवे पैसे आधी येतात, जुने महिनाभराने फेडले जातात, आणि त्या महिन्यात दोन्हींवर व्याज चालू असतं. 9.40 ने 30 दिवसांचे साधारण 77 लाख होतात. तेवढे दिवस पैसे लिक्विड फंडात साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर 53 लाख परत येतात, म्हणजे निव्वळ भुर्दंड 24 लाखांचा. एकूण 2.49 कोटी.

कर 25.17 टक्के धरला तर वर्षाची बचत 82 लाख उरते आणि खर्च 1.86 कोटी. ही बचत आजच्या किमतीत आणताना कंपनीचा सरासरी भांडवली दर लावू नका. इथे एका कर्जाच्या जागी दुसरं कर्ज येतंय, बचत करारानं ठरलेली आहे, त्यामुळे नव्या कर्जाचाच करोत्तर दर योग्य, इथे 7.03 टक्के. चार वर्षांची बचत आज 2.79 कोटींची होते. खर्च वजा जाता हातात सुमारे 92 लाख. प्रीमियम आणि इश्यूचा खर्च त्याच वर्षी करातून वजा मिळतो असं मी धरलंय. तुमच्या ऑडिटरनं तो मुदतीवर पसरवायला लावला तर आकडा थोडा खाली येईल.

साहेबांकडे जाताना 92 लाखांपेक्षा दुसरा एक आकडा खिशात ठेवा: नवा दर सुमारे 9.76 च्या वर गेला की फायदा शून्य. कोट आणि इश्यू यांच्यात आठवडे जातात, तेवढ्यात दर किती सरकला तर थांबायचं हे आधीच ठरलेलं बरं.

कोणीतरी म्हणेलच, 'वर्षभर थांबा, प्रीमियम एक टक्क्यावर येईल.' तुमच्या ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे रोख्यांच्या करारात, तशी पायरी असेल तर 50 लाख वाचतील खरे, पण 1.10 कोटींची एका वर्षाची बचत हातची जाईल. थांबणं फायद्याचं ठरायला पुढच्या वर्षी तीन वर्षांचा दर साधारण 9.24 च्या खाली मिळायला हवा. तशी खात्री असेल तरच थांबा.

बोर्डात आणखी एक आक्षेप येईल: जुन्या इश्यूचा न खपवलेला खर्च फेडताना नफातोट्यात एकदम बसतो. तो तिमाही निकाल खराब करतो हे खरं, पण पैसा केव्हाच गेलाय, या हिशोबात त्याला जागा नाही.

आता आकड्यांआधीचं काम: ट्रस्ट डीड काढा आणि कॉलचं कलम स्वतः वाचा. सेबीच्या नियमानं डिबेंचरधारकांना किमान 21 दिवस आधी सूचना लागते, डीडमध्ये त्याहून जास्त असू शकते. मी पूर्वी बीकेसीतल्या एका कंपनीत होते, तिथे आम्ही सगळे 21 धरून बसलो होतो. डीडमध्ये 30 होते, आणि कॉल फक्त व्याजाच्या वार्षिक तारखेलाच करता येत होता. बोर्डाची बैठक दोन दिवस पुढे ढकलली गेली, सूचना 28 दिवस आधी निघाली आणि ट्रस्टीनं नम्रपणे परत पाठवली. पुढची तारीख बरोबर एका वर्षानं होती.