आयपॅडवर स्क्रीनशॉट: बटणं दाबून धरू नका

तुमच्या आयपॅडला होम बटण नसेल, तर स्क्रीनशॉट घ्यायला वरचं बटण आणि आवाजाच्या दोन बटणांपैकी कुठलंही एक, ही जोडी वापरायची. दोन्ही एकाच क्षणी दाबा आणि लगेच सोडा. नवीन माणूस चुकतो ते इथेच, कारण तो दाबून धरतो. मग पडद्यावर आयपॅड बंद करण्याची पट्टी येते. घाबरू नका, Cancel दाबा. फेस आयडी असेल तर त्यानंतर पासकोड मागितला जाईल. तो टाकला की परत प्रयत्न करा.

पडदा एकदम काळा झाला तर वरचं बटण आधी दाबलं गेलं. नुसता आवाज कमी-जास्त झाला, तर दुसरं. मी आयपॅड टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी दाबायला सांगेन, वेळ जुळते.

जमलं की डाव्या कोपऱ्यात खाली छोटं चित्र दिसतं. त्यावर टॅप केलंत तर कापता येतं, खुणा करता येतात. सफारीत असाल तर तिथेच Full Page निवडून अख्खं पान घेता येतं. हात लावला नाहीत तरी चित्र आपोआप फोटोंमध्ये जातं.

होम बटणवाल्या जुन्या आयपॅडवर वरचं बटण आणि होम बटण, बाकी तसंच.