अर्जावरची सही आणि गच्चीवरची शेड

प्रश्न: शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू आहे. धूळ आणि आवाजानं हैराण झालोय. आम्ही भाडेकरू आहोत. तक्रार अर्जावर सही करा म्हटलं तर घरमालक म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा." त्यांना कसं तयार करावं? (कोल्हापूर)

उत्तर:

मी स्वतः राजारामपुरीतला घरमालक आहे. "तुमचं तुम्ही बघा" म्हणणाऱ्या मालकाला तुमचा त्रास कळत नाही असं नसतं. त्याला बहुतेक वेळा स्वतःच्याच घराची धास्ती असते. गच्चीवर विनापरवाना पत्र्याची शेड असते, मागच्या मोकळ्या जागेत काढलेलं बाथरूम असतं, नाहीतर घरफाळ्याला भाडेकरू दाखवलेलाच नसतो. शेजाऱ्यावर अर्ज केला की महापालिकेचा माणूस आपल्याही दारात उभा राहणार, हे त्याच्या मनात असतं. तोंडानं मात्र तो शेजारधर्माचं कारण सांगतो.

आमच्या घरात हेच झालं. घर माझ्या आणि थोरल्या भावाच्या नावावर आहे. खाली भाडेकरू, नवरा-बायको आणि चार वर्षांचा मुलगा. मुलाला बाळदमा. शेजारचं कौलारू घर पाडून तिथं पाच मजली इमारत चढत होती. वर स्लॅब पडत होते आणि खाली जिन्याचा ग्रॅनाइट कापायचं काम उघड्यावर, मुलाच्या खिडकीपासून दहा-बारा फुटांवर चालायचं. त्याची आई अर्ज घेऊन वर आली. दादा म्हणाला, "शेजारी कायमचा, भाडेकरू अकरा महिन्यांचा. सही करायची नाही." मी आठ दिवस तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मार्च महिना होता. बायकोनं वर्षाच्या चटणीसाठी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी गोळा करताना बघितलं तर प्रत्येक देठाशी पांढरी भुकटी बसलेली. बोटांत चोळून बघितली. वाळूची धूळ असती तर कचकचली असती. ही मैद्यासारखी लागली. दगड कोरडा कापला की अशी धूळ उडते. तिच्यात सिलिका असते, ती डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक होऊन फुफ्फुसात खोल जाते. हीच त्या पोराच्या अंथरुणावर रोज पडत होती. मी दुसऱ्याच दिवशी वेल्डर बोलावला.

वेल्डर कशाला, तर गच्चीवरची शेड उतरवायला. ती शेड दादानं माझं न ऐकता, परवान्याशिवाय मारली होती आणि तो सहीला अडत होता तो तिच्यामुळंच. दोन दिवसांत पत्रे खाली आले. मग मी सही केली.

तोवर भाडेकरूनं एकट्यानं दिलेल्या अर्जाला उत्तर आलं होतं, की काम मंजूर नकाशाप्रमाणे सुरू आहे. उत्तर बरोबरच होतं. 'धूळ व आवाजाचा असह्य त्रास होतो, काम बंद करावे' एवढंच लिहिलं, तर परवाना असलेलं काम कुणी थांबवू शकत नाही. काम कशा पद्धतीनं चाललंय त्यावर तक्रार करावी लागते. आमच्या दुसऱ्या अर्जात तीनच गोष्टी होत्या.

पहिली, उघड्यावर दगड कापणं. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रानं पर्यावरण संरक्षण नियमांत बांधकामाच्या धुळीबद्दल भर घातली. उघड्या जागेत कापणं-घासणं बंद, वाळू-माती झाकून ठेवायची, पाणी मारायचं. हवा खराब असलेल्या शहरांसाठी हे आहे आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपलं कोल्हापूर आहे. दुसरी, रस्त्याकडेला न झाकलेला क्रश सँडचा ढीग. तिसरी, रात्रीचं काम. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. त्यात २०१० मध्ये स्पष्ट घातलंय, की रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत. दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, पण ती मोडली हे दाखवायला तपासलेला मीटर लागतो, मोबाईलवरचा आकडा कुणी धरत नाही. रात्रीच्या नियमाला घड्याळ पुरतं. म्हणून आम्ही सहा रात्रींच्या तारखा आणि व्हायब्रेटर कधी बंद झाला त्या वेळा लिहिल्या, त्या-त्या रात्री ११२ ला फोन केले होते तेही लिहिलं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतला.

चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आमच्या दारात आला. आधी गच्चीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काही न बोलता गेला. पंधरवड्यात पाहणी झाली. कटर आत, पत्र्याच्या आडोशाला गेला आणि पात्यावर पाण्याची बारीक नळी आली. एवढं केलं की धूळ उडत नाही, चिखल होऊन खाली पडते. खर्च म्हणाल तर एका पाईपचा. ढिगावर ताडपत्री आली. रात्रीचं काम त्यानंतर दोनदाच झालं. दिवसाचा आवाज मात्र शेवटपर्यंत राहिला, तो जाईल अशी आशा धरू नका.

दादा अजून म्हणतो, भाडेकरूसाठी घरची शेड मोडलीस. बिल्डर हा शेजारी नव्हे, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं. तो फ्लॅट विकून दोन वर्षांत गेला. आज शेजारी राहतात ती फ्लॅट घेतलेली माणसं, आणि त्यांच्याशी आमचं काहीही वाकडं नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मालकाची सही लागतेच असं नाही. त्रास ज्याला होतो तो तक्रार करू शकतो. नोंदणी केलेला भाडेकरार राहण्याचा पुरावा म्हणून जोडा. अर्ज महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि नगररचना विभागात द्या, प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. मालकाच्या सहीनं वजन येतं, म्हणून एकदा एकांतात विचारा, "काका, घराचं काही अडतंय का?" अडत असेल तर सहीचा आग्रह सोडा आणि भिंतींचं बोला. पाया खोदायचा असेल तर आत्ताच सगळ्या भिंतींचे तारखेसह फोटो काढायला सांगा. असलेल्या भेगांच्या टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख घाला, भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लॅस्टरनं चिकटवा. पट्टी तडकली तर भेग वाढतेय. हे मालकाच्या स्वतःच्या फायद्याचं आहे. भिंत हलायला लागली की तो आपणहून अर्ज लिहायला बसेल.

दोन गोष्टी राहिल्या. रागानं भाडं अडवू नका. धूळ मालकानं केलेली नाही आणि करार तुमच्याच अंगावर येईल. आणि शेजारचा प्लॉट मालकाच्याच भावकीचा असेल, तर त्याला अजिबात विचारू नका, सरळ स्वतःच्या नावानं अर्ज द्या.