प्रिंटरच्या हेडसाठी वॉरंटीचं पत्र

भाऊ, प्रिंटरचं बिघडलेलं हेड वॉरंटीत बदलून मागतोयस, तर पत्रात राग काढू नकोस. बिलाची तारीख, मॉडेल, सिरियल नंबर एका ओळीत उरक आणि जोर शाईवर दे. कारण डीलरचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘बाहेरची शाई भरली असेल.’ म्हणून कंपनीच्याच बाटल्यांची बिलं जोड. नोझल चेकचा, म्हणजे शाई नीट उतरते का ते दाखवणारा प्रिंटरचा चाचणी कागदही लाव आणि लिही: ‘हेड क्लीनिंग दोनदा करूनही काळ्या रेघा तुटक येतात.’ वॉरंटी बऱ्याचदा महिने किंवा पानं, जे आधी भरेल तिथवरच असते. तेव्हा छापलेल्या पानांचा आकडाही टाक. तोवर सिरिंजने हेड धुवायच्या फंदात पडू नकोस, त्यांना आयतं निमित्त मिळतं. पत्राच्या प्रतीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख घे.