अभिक्रियांची उजळणी : गट उभे, यंत्रणा आडव्या

प्रिय विद्यार्थी,

नावांच्या अभिक्रियांची यादी पाठ करतोय आणि दोन दिवसांत ती डोक्यातून जाते, असं तू लिहिलंस. जाणारच. परीक्षेत नाव देत नाहीत, रेणू आणि अभिकारक देतात. म्हणून यादी बाजूला ठेव आणि एका मोठ्या कागदावर तक्ता आख. डावीकडे खाली खाली फंक्शनल ग्रुप येऊ देत: अल्काइल हॅलाइड, अल्कोहोल, अल्डिहाइड-कीटोन, ॲसिड आणि त्याची डेरिव्हेटिव्ह, बेंझीन वलय, अमाइन. वरती यंत्रणा: SN1, SN2, E1, E2, कार्बोनिलवरचं ॲडिशन, ॲसाइल सब्स्टिट्यूशन, वलयावरचं सब्स्टिट्यूशन. प्रत्येक चौकटीत एकच उदाहरण, बाणांसकट. जी चौकट रिकामी राहील, तिथे ती का रिकामी आहे ते एका ओळीत लिही.

सात दिवस असतील तर पहिले तीन हॅलाइड आणि अल्कोहोलला दे. हे प्रमाण विचित्र वाटेल, पण SN1, SN2, E1 आणि E2 या चारही यंत्रणा एकमेकींशी भांडतात त्या इथेच. अभिक्रिया दिसली की उत्पादन लिहायच्या आधी क्रमाने विचार: हॅलोजन असलेला कार्बन प्रायमरी, सेकंडरी की टर्शरी? अभिकारक तीव्र बेस आहे का? तो आकाराने अवजड आहे का? मग द्रावक आणि तापमान.

2-ब्रोमो-2-मिथाइलब्युटेन घे. कार्बन टर्शरी, म्हणजे मागून हल्ला करायला जागाच नाही आणि SN2 बाद. इथेनॉलमध्ये सोडियम इथॉक्साइड घालून तापवलं तर E2 होतं आणि सुमारे 70 टक्के 2-मिथाइल-2-ब्युटीन मिळतं, म्हणजे जास्त प्रतिस्थापित अल्कीन. तिथे पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड वापरलं की गुणोत्तर उलटतं आणि 2-मिथाइल-1-ब्युटीन सुमारे 70 टक्क्यांवर जातं, कारण हा अवजड बेस आतल्या हायड्रोजनपर्यंत नीट पोचत नाही, टोकाचा CH₃ त्याला सोपा पडतो. बेस न घालता कोमट इथेनॉलमध्ये नुसतं ठेवलं तर कार्बोकॅटायन बनतो, SN1 ने मुख्यतः ईथर मिळतं आणि सोबत थोडं E1. रेणू एकच, उत्तरं तीन. ही तिन्ही शेजारी शेजारी काढ.

मग उलटा प्रश्न सोडव: मिथाइल टर्ट-ब्युटाइल ईथर कसं बनवशील? टर्ट-ब्युटाइल ब्रोमाइड आणि सोडियम मिथॉक्साइड लिहिलंस तर हातात आयसोब्युटिलीन येईल. टर्शरी बाजू ऑक्सिजनला द्यायची आणि हॅलोजन मिथाइलवर ठेवायचा, म्हणजे टर्ट-ब्युटॉक्साइड आणि मिथाइल आयोडाइड.

अल्कोहोलच्या ओळीत एकच सापळा वारंवार दिसतो. OH⁻ आपणहून सुटून जात नाही. आधी प्रोटॉन घेऊन त्याचं पाणी व्हावं लागतं किंवा त्याचा टॉसिलेट करावा लागतो. आम्लात चाललेल्या यंत्रणेत OH⁻ काढलेलं दिसलं, की तपासणारा तिथेच गुण कापतो.

पुढचे दोन दिवस कार्बोनिलचे. इथला फाटा एकाच गोष्टीवर ठरतो: कार्बोनिल कार्बनला सुटून जाण्याजोगा गट जोडलेला आहे का? अल्डिहाइड-कीटोनमध्ये नाही, म्हणून ॲडिशन होऊन प्रकरण थांबतं. ॲसिड क्लोराइड, अनहायड्राइड, एस्टर, अमाइड यांत आहे, म्हणून सब्स्टिट्यूशन. क्रियाशीलता याच क्रमाने उतरते. मिथाइल बेंझोएटवर मिथाइल मॅग्नेशियम ब्रोमाइड घातलं तर बहुतेक मुलं कीटोनवर थांबतात. पण तयार झालेला ॲसिटोफिनोन एस्टरपेक्षा जास्त क्रियाशील असतो, तो लगेच ग्रिन्यार्डचा दुसरा रेणू ओढतो, आणि पाणी-आम्ल घातल्यावर 2-फिनाइल-2-प्रोपॅनॉल मिळतं. म्हणून ग्रिन्यार्डचे दोन मोल लिही. एस्टरऐवजी कार्बोक्सिलिक ॲसिड दिलं असेल तर ग्रिन्यार्ड आधी त्याचा प्रोटॉन घेतं आणि मिथेन उडून जातो. नवा C–C बंध होतच नाही.

सहावा दिवस वलय आणि अमाइनचा, तो भराभर उरकतो. एक मात्र थांबून बघ: ॲनिलीनचं थेट नायट्रेशन केलं तर जवळजवळ निम्मं उत्पादन मेटा येतं, कारण त्या आम्लात NH₂ चा NH₃⁺ झालेला असतो. पॅरा हवं असेल तर आधी ॲसिटिलेशन, मग नायट्रेशन, शेवटी हायड्रोलिसिस.

सातव्या दिवशी नवं काही वाचू नकोस. तक्ता झाकून मिसळलेली तीस उदाहरणं सोडव आणि प्रत्येक चुकीपुढे कारणाचं अक्षर टाक: सब्स्ट्रेट ओळखला नाही तर 'स', बेस चुकला तर 'ब', बाण उलटा निघाला तर 'ण'. 'स' जास्त आले तर हॅलाइडची ओळ पुन्हा कर. 'ण' जास्त असतील तर प्रत्येक बाणाची शेपटी इलेक्ट्रॉनच्या जोडीवर किंवा बंधावर आहे ना ते बघ, आणि बाण काढून झाला की त्या कार्बनचे बंध मोज. पाच निघाले तर एक बाण राहिलाय.