कोड्यांच्या गटात हिंट कशी द्यायची?

प्रश्न: "पुण्यात कोडी सोडवणाऱ्या एका गटात नुकताच जायला लागलोय. पहिल्याच दिवशी मी पटकन उत्तर सांगितलं आणि सगळे गप्प झाले. तिथे वागायचे नियम काय असतात?"

कोथरूडमध्ये आम्ही जमतो तिथे एका सभासदाने पाटीच लावली आहे : 'उत्तर येत असल्यास चहा प्यावा. बोलू नये.' पण उत्तर न सांगताही कोडं फुटतं. "अरे, यात ट्रिक आहे" एवढं म्हटलं तरी पुरे. नीट हिशेब करत बसलेला माणूस तो सोडून चकवा शोधायला लागतो. "सोपं आहे" हे तर बोलूच नका. कोडं आधीपासून माहीत असेल तर ते सुरुवातीलाच सांगून टाका आणि हिंट देणाऱ्यांच्या बाजूला बसा.

हिंट देणं हे खरं कसब. बारा नाण्यांचं जुनं कोडं घ्या. बारांपैकी एक नाणं खोटं. ते जड की हलकं, माहीत नाही. वजनं न घेता, नुसत्या तराजूवर तीन वेळा तोलून ते शोधायचं आणि जड की हलकं तेही सांगायचं.

समोरचा अडला की आधी विचारा, "आतापर्यंत काय करून पाहिलंस?" बहुतेक जण सहा-सहा नाणी दोन पारड्यांत घालतात. "चूक" म्हणू नका. "अशा तोलण्यानंतर किती शक्यता उरतात, मोज बघू" असं म्हणा. सुरुवातीला प्रत्येक नाणं जड किंवा हलकं, म्हणजे 24 शक्यता. सहा-सहा ठेवले की तराजू कुठेतरी झुकणारच आणि कुठेही झुकला तरी 12 उरतात. तरीही गाडी हलली नाही तर दुसरी हिंट : तराजू दोन नाही, तीन उत्तरं देतो. समतोल हेही उत्तरच. म्हणजे उरलेल्या दोन तोलण्यांत फार तर 9 शक्यता वेगळ्या करता येतात. 12 जमणार नाहीत. पहिल्यांदा किती नाणी ठेवायची, हे इथून बहुतेकांना आपलं आपण सुचतं. तिसरी हिंट मी अगदी शेवटी देतो, कारण निम्मं कोडं तिच्यातच आहे : दुसऱ्या वेळी काही नाणी एका पारड्यातून दुसऱ्यात हलवता येतात. (पुढचं इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांतही कोणी सोडवत असेल.)

दोन हिंटांमध्ये वेळ जाऊ द्या आणि पुढची समोरच्याने मागितल्यावरच द्या. टेबलावर चार जण असतील तर त्यातल्या एकाला हवी म्हणून सगळ्यांना ऐकवू नका. त्याला बाजूला घ्या किंवा चिठ्ठीवर लिहून द्या. कोणी उत्तर तपासायला आलं तर फक्त बरोबर की चूक एवढंच सांगा, तेही हळू आवाजात. शब्दकोड्यात चुकलेल्या रकान्यावर बोट ठेवा, अक्षर सांगू नका.

पूर्ण उत्तर कधी? माणूस स्वतःहून "हरलो" म्हणाला की. तेव्हाही आधी विचारा, "घरी नेऊन बघतोस का?" आमच्याकडे बरेच जण "हो" म्हणतात.